स्टेज ठरलं एक, उभं राहिलं दुसरं: डेकोरेटरकडून फरकाचे पैसे कसे मागायचे

लग्नाच्या स्टेजची तक्रार इतर तक्रारींपेक्षा एका बाबतीत अवघड असते. फ्रिज बिघडला तर तो घरात उभा असतो, कुणालाही दाखवता येतो. स्टेज मात्र त्याच रात्री उतरतं, ट्रकमध्ये भरतं आणि सकाळी लॉनवर फक्त खिळे आणि चुरगळलेली फुलं उरतात. त्यामुळे आपण जे काही सिद्ध करणार, ते त्या काही तासांत जमवावं लागतं. नंतर आठवणीतून मांडलेली तक्रार "तुमचं समाधानच होत नाही" या एका वाक्यात उडवली जाते.

अमळनेरच्या एका घराचं प्रकरण घेऊन सगळ्या पायऱ्या बघू. मुलीचं लग्न मे महिन्यात, गावाबाहेरच्या लॉनवर, डेकोरेटर धुळ्याचा. ठरलं होतं असं: ४० बाय २० फुटांचं स्टेज, मागे पूर्ण खऱ्या फुलांचा बॅकड्रॉप, प्रवेशाला फुलांची कमान आणि तिथून स्टेजपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मिळून १२ फुलांचे खांब. एकूण १,२०,००० रुपये. ६०,००० अॅडव्हान्स, ४०,००० लग्नाच्या आदल्या दिवशी, २०,००० काम झाल्यावर. मिळालं ते असं: ३२ बाय १६ चं स्टेज, बॅकड्रॉपच्या मधल्या भागात तेवढी खरी शेवंती आणि गुलाब, दोन्ही बाजूंना कापडी-प्लास्टिकची फुलं, कमान कापडाची आणि खांब सहाच. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "भाऊ, सीजन शे, समजी ल्या."

त्या दिवशी तीन मुहूर्तांची कामं त्याने घेतली होती, हे नंतर कळलं. माल तीन ठिकाणी वाटला गेला. दाट तिथीला असं होतंच. ओळखायची खूण म्हणजे माल उतरायला आलेली गाडी. दुपारी चारपर्यंत फुलांच्या पाट्या आल्या नाहीत, आणि कारागीर "दुसऱ्या साइटवरून येताहेत" असं सांगितलं जातंय, तर संध्याकाळी काय दिसणार याचा अंदाज तिथेच येतो.

पुरावा: माणसं यायच्या आधी, आणि कार्पेट उचलल्यावर

यजमानाने हे काम स्वतः करू नये. वधूपित्याला त्या वेळी वरमाला आणि वऱ्हाड दोन्ही सांभाळायचं असतं. भाचा, पुतण्या, मुलाचा मित्र, कुणी एक जण ठरवून द्यावा. त्याच्या फोनमध्ये ठरलेल्या डिझाइनचे फोटो असावेत आणि खिशात मोजायची टेप असावी.

स्टेज तयार झाल्याचं सांगितलं की त्याने पाहुणे यायच्या आत एक अखंड व्हिडिओ घ्यावा. गेटपासून सुरुवात, वाटेवरचे खांब मोजत मोजत, मग स्टेजची रुंदी टेप लावून, खोली टेप लावून, शेवटी फुलांचा जवळून फोटो. टेपचे आकडे दिसायला हवेत. खरी फुलं आणि नकली फुलं दुरून सारखीच दिसतात. जवळून मात्र नकली गुलाबाच्या सगळ्या पाकळ्या एकाच साच्यातल्या असतात आणि कापडाच्या कडेचे धागे सुटलेले दिसतात. फुलाला बोट लावून काढलेला एक फोटो पुरतो. फूल तोडून घरी आणू नका. ते त्याचं सामान आहे आणि उद्या तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो.

इथे न्याय म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. झेंडू टिकतो, गुलाब संध्याकाळपर्यंत मान टाकतो. खरी फुलं लावली आणि ती कोमेजली, तर तो कमीपणा डेकोरेटरचा नाही. खऱ्याचे पैसे घेऊन नकली लावली, तो कमीपणा त्याचा. तक्रारीत हे दोन्ही एकत्र करू नका, नाहीतर सगळीच तक्रार खोटी वाटायला लागते.

दुसरी संधी रात्री उशिरा येते, आणि ती बहुतेक लोक सोडून देतात. स्टेज एकसंध कधीच नसतं. ते चौकटीवर टाकलेल्या फळ्यांच्या पॅनलवर उभं असतं, आणि एक पॅनल साधारणपणे ८ बाय ४ फुटांचा असतो. कार्पेट गुंडाळलं की पॅनल उघडे पडतात. ४० बाय २० च्या स्टेजला असे २५ पॅनल लागतात, ३२ बाय १६ ला १६. अमळनेरच्या भाच्याने रात्री साडेअकराला उभं राहून पॅनल मोजत व्हिडिओ घेतला: चार ओळी, प्रत्येकीत चार. टेपचं माप कुणी "नीट धरली नव्हती" म्हणू शकतो, पण सोळा पॅनल सोळाच असतात. तुमच्या डेकोरेटरचे पॅनल वेगळ्या मापाचे असले तर एकाची लांबी-रुंदी मोजून घ्या, मग गुणाकार कागदावर करता येतो.

लग्नाच्या फोटोग्राफरला त्याच आठवड्यात सांगून ठेवा की स्टेजच्या मूळ फाइली पुसू नको. त्याच्या फोटोंवर वेळ नोंदलेली असते आणि तो कुणाच्या बाजूचा नसतो. अल्बमचे रंग चढवलेले फोटो इथे उपयोगाचे नाहीत.

त्याच वेळी एक मेसेज

व्हिडिओ झाल्यावर लगेच, भांडण न करता, डेकोरेटरला व्हॉट्सअॅपवर लिहायचं. अमळनेरच्या मेसेजमध्ये एवढंच होतं: "दादा, स्टेज ४० बाय २० ठरलं होतं, टेपने ३२ बाय १६ भरतंय. खांब १२ पैकी ६ आहेत. कमान आणि बॅकड्रॉपच्या बाजू खऱ्या फुलांच्या नाहीत. सात वाजेपर्यंत जे होईल ते पूर्ण करा." वेळ पाच वाजून दहा मिनिटं. हा मेसेज दोन कामं करतो. दुरुस्तीची संधी दिली हे दिसतं, आणि "त्या दिवशी तर काही बोलले नाहीत" हे उत्तर कायमचं बंद होतं. फोनवर बोललात तरी नंतर तेच लिहून पाठवा.

उरलेले २०,००० त्या रात्री द्यायचे का? बहुतेक ठिकाणी ट्रक भरताना माणूस पैशासाठी उभा राहतो, आणि घरचे थकून देऊन टाकतात. देऊ नका, पण नुसतं "नंतर बघू" असंही म्हणू नका. लिहा: "काम ठरल्याप्रमाणे न झाल्याने शेवटचा हप्ता हिशोब होईपर्यंत थांबवला आहे." त्याचं सामान अडवून ठेवायचं मात्र नाही. पडदे किंवा झुंबर कोंडून ठेवलं की तक्रारदार तो होतो आणि आरोपी तुम्ही.

किती मागायचं, हा खरा प्रश्न

"निम्मे पैसे परत द्या" असं म्हणणं सोपं असतं. पण पुढचा माणूस विचारतो, निम्मे कशावरून? बहुतेक डेकोरेटर एकच रक्कम सांगतात, वस्तूवार दर देत नाहीत. मग एक कमान कमी झाली तर तिचे किती, हे कुणालाच माहीत नसतं.

याला माझ्या मते सर्वात पटणारा मार्ग असा. त्याच भागातल्या दोन दुसऱ्या डेकोरेटरना दोन-दोन कोटेशन मागायचे: एक ठरलेल्या डिझाइनचं, दुसरं प्रत्यक्षात मिळालेल्याचं. दोन्हींमध्ये तारीख त्याच हंगामातली धरायला सांगा, कारण श्रावणातला भाव आणि मेचा भाव एक नसतो. भांडण त्यांना सांगायची गरज नाही, फक्त मापं आणि फुलांचा प्रकार द्या. ओळखीचा माणूस असेल तर नकोच. तो आपल्याकडे झुकलेला असेल आणि समोरचा तेवढंच धरून बसेल.

अमळनेरकरांना पहिल्याने ठरलेल्याचे १,४०,००० आणि मिळालेल्याचे ९१,००० सांगितले. म्हणजे मिळालेलं काम ठरलेल्याच्या ६५ टक्के. दुसऱ्याने १,२५,००० आणि ८०,००० सांगितले, म्हणजे ६४ टक्के. त्यांचे भाव आपल्या डेकोरेटरपेक्षा जास्त आहेत, पण त्याने फरक पडत नाही. आपल्याला त्यांचा भाव नको, फक्त दोन कामांमधलं प्रमाण हवं. दोन्हींपैकी डेकोरेटरच्या फायद्याचं, म्हणजे ६५ टक्के, घ्यायचं. आपण थोडं सोडलं हे दिसलं की आकडा पटतो.

१,२०,००० चे ६५ टक्के ७८,००० होतात. म्हणजे त्याने ७८,००० चं काम केलं आणि कमी पडलं ४२,००० चं. इथे बरेच लोक थेट ४२,००० परत मागतात आणि फसतात. घरच्यांनी १,००,०००च दिले होते, २०,००० अजून त्यांच्याकडेच आहेत. म्हणून परत मागायचे १,००,००० वजा ७८,०००, म्हणजे २२,००० रुपये. ४२,००० मागितले असते तर तेच २०,००० दोनदा मोजले गेले असते, आणि समोरच्या वकिलाने पहिल्याच ओळीत तेच दाखवलं असतं.

लेखी मागणी

दोन-तीन आठवड्यांत पत्र पाठवा. वकिलाकडून नोटीस काढली तर वजन येतं, पण साधं पत्रही चालतं. भाषा थंड असावी. "तुमची इज्जत घालवू", "इंटरनेटवर बदनाम करू" असं एकही वाक्य नको. ते पत्र उद्या न्यायपीठासमोर जाणार आहे. मजकूर साधारण असा:

"दिनांक … रोजी … येथील विवाहासाठी आपण रु. १,२०,००० मध्ये स्टेज सजावटीचं काम घेतलं. ठरलेल्या डिझाइनचे फोटो आपण … रोजी व्हॉट्सअॅपवर पाठवले व मापं मान्य केली. प्रत्यक्षात स्टेज ४० बाय २० ऐवजी ३२ बाय १६ फुटांचं होतं, १२ ऐवजी ६ खांब होते, कमान व बॅकड्रॉपच्या दोन्ही बाजू खऱ्या फुलांऐवजी कृत्रिम फुलं व कापडाच्या होत्या. ही बाब त्याच दिवशी सायंकाळी ५.१० वाजता आपणांस लेखी कळवली होती. दोन स्वतंत्र कोटेशननुसार केलेल्या कामाचं मूल्य रु. ७८,००० होतं. आम्ही रु. १,००,००० अदा केले असून उर्वरित रु. २०,००० देय राहत नाहीत. रु. २२,००० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत, तसेच कामाचं बिल द्यावं."

बिलाची मागणी सोडू नका. दिलेल्या सेवेचं बिल किंवा पावती न देणं हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. खान्देशात बहुतेक मंडप-सजावटीची कामं चिठ्ठीवर चालतात, त्यामुळे इथे समोरचा जरा सावध होतो. पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा, त्याचीच प्रत व्हॉट्सअॅपवरही पाठवा. सजावट लॉनच्या मालकाच्या पॅकेजमध्ये होती आणि पैसे त्याला दिले असतील, तर पत्र लॉनमालकाला द्यायचं, डेकोरेटरला प्रत. पैसे ज्याने घेतले, जबाबदारी त्याची.

येणारी उत्तरं

"फोटो फक्त नमुना होता." हे सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि यात थोडं तथ्यही आहे. इंटरनेटवरचा फोटो दाखवून "असं काहीतरी" ठरलं असेल तर हुबेहूब मागता येत नाही. म्हणूनच माप, खांबांची संख्या आणि फुलं खरी की नकली हे चॅटमध्ये शब्दांत असणं महत्त्वाचं. अमळनेरच्या चॅटमध्ये डेकोरेटरचाच मेसेज होता: "४०-२० स्टेज, पूर्ण ओरिजिनल फ्लॉवर, १२ पिलर." तिथे नमुन्याचा मुद्दा संपला. रंगाची छटा किंवा पडद्याची चुणी यावर मात्र वाद घालू नका.

"फुलं महाग झाली." भाव ठरवताना ती जोखीम त्याने घेतली. फुलं परवडत नव्हती तर आधी सांगून भाव बदलता आला असता, न सांगता बदलायचा हक्क नव्हता.

"वादळ आलं." वळवाच्या पावसाने खरंच मंडप उडाला असेल, तर जेवढं निसर्गाने मोडलं तेवढ्यासाठी आग्रह धरू नका. पण जे खांब कधी आलेच नाहीत ते वाऱ्याने उडत नाहीत. त्या दिवशीची वेळ आणि व्हिडिओ इथे कामी येतात.

"पाहुण्यांनी तर कौतुक केलं." करतीलच. ते ठरलं काय होतं हे बघायला आले नव्हते.

ग्राहक आयोग

पंधरा दिवस गेले आणि उत्तर नाही, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवा. ती कुणाला पैसे द्यायला भाग पाडू शकत नाही, पण नोंद होते आणि समोरच्याकडे विचारणा जाते. पोलीस ठाण्यात जाऊन फारसा उपयोग नाही. ठरल्यापेक्षा कमी काम हा बहुतांशी दिवाणी प्रकार आहे, आणि तिथून तेच ऐकून परत यावं लागतं.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक स्वतः जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. अमळनेर जळगाव जिल्ह्यात, डेकोरेटर धुळ्याचा. म्हणजे दोन्हीकडे दार उघडं. अमळनेरकरांना धुळं जवळ पडतं, म्हणून धुळ्यातच केलेलं बरं, असं माझं मत. वसुलीच्या वेळीही समोरचा त्याच जिल्ह्यात असलेला सोयीचा जातो.

दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य आहे. वकील लावायची सक्ती नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइन भरता येते. पैसे वडिलांनी दिले आणि ऑर्डर मुलाच्या फोनवरून झाली असेल, तरी ज्याच्या नावाने काम ठरलं त्याच्या नावाने तक्रार करा आणि पैसे कुणाच्या खात्यातून गेले ते यूपीआयच्या नोंदीसह स्पष्ट लिहा.

सोबत जोडायचं ते: ठरल्याचा चॅट, पैसे दिल्याच्या नोंदी, दोन्ही व्हिडिओ, पाच वाजून दहा मिनिटांचा मेसेज, चारही कोटेशन, पत्र आणि पोच. चॅट आणि व्हिडिओसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. नमुना वकिलाकडे मिळतो. मूळ फोन विकू नका आणि चॅट पुसू नका. मागणीत २२,००० परतावा, त्यावर व्याज, त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल वाजवी रक्कम लिहा. बावीस हजारांच्या तक्रारीत पाच लाखांची मानहानी मागितली की मूळ आकडाही संशयास्पद वाटतो.

समोरच्याला नोटीस मिळाल्यावर म्हणणं मांडायला ३० दिवस, आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत लागावा असा कायद्याचा उद्देश आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा.

तडजोड करायची तर

बरीच प्रकरणं आयोगापर्यंत पोचत नाहीत. नोटीस गेली की मधला एक माणूस उभा राहतो, कुणाचे तरी आप्पा, कुणाचे तरी पाहुणे, आणि चहावर बोलणं होतं. त्यात वाईट काही नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या.

"पुढच्या कार्यक्रमात मोफत करून देतो" हे घेऊ नका. दुसऱ्या मुलाचं लग्न चार वर्षांनी असेल आणि मोफत कामाचा दर्जा काय, हे कुणी ठरवलेलं नाही. रोख किंवा खात्यात पैसे, तेवढंच. किती कमी घ्यायचं हे आधी घरी ठरवून जा. अमळनेरकरांनी १५,००० च्या खाली जायचं नाही असं ठरवलं होतं. पहिली ऑफर १०,००० ची आली, १८,००० वर मिटलं आणि पैसे यूपीआयने आले.

पण सगळं मोडलं असतं ते लिहिताना. आप्पांनी लिहून आणलेल्या कागदावर "१८,००० रुपये परत, वाद मिटला" एवढंच होतं. उरलेल्या २०,००० चा त्यात शब्दही नव्हता. उद्या डेकोरेटरने "माझे २०,००० बाकी आहेत" म्हणून मागितले असते तर हातात आलेले १८,००० जाऊन वर खिशातून २,००० द्यावे लागले असते. मग कागद बदलला: "डेकोरेटरने रु. १८,००० परत केले. थांबवलेले रु. २०,००० त्यांनी सोडून दिले असून त्यांची कोणतीही रक्कम येणं बाकी नाही. दोन्ही बाजूंचा हिशोब पूर्ण व अंतिम." दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. हेल्पलाइनवर किंवा आयोगात तक्रार टाकली असेल, तर ती पैसे खात्यात आल्यावरच मागे घ्यायची, कागदावर सही झाली म्हणून नव्हे.